‘चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर’ : या चार शब्दांखाली काय काय गाडलं जातं



आज शेंगा पोखरणाऱ्या अळीवर लिहायचं ठरवलं होतं, ते पुढच्या वेळी. आज ग्रामसभेवर लिहितो. पेज शेतीचं आहे, इथं ग्रामसभा कशाला, असं कुणी म्हणेल. तर ज्याचा माल पाणंदीतून बाहेर निघत नाही त्याला विचारा ग्रामसभा शेतीत येते का नाही ते.

आमच्या गावात १५ ऑगस्टची सभा कोरमअभावी तहकूब झाली. दहा दिवसांच्या झडीनंतर त्या दिवशी उघडीप मिळाली होती. ज्याच्या पाठीवर पंप बसतो तो प्रत्येक माणूस सोयाबीनात होता, आणि बाया खुरपायला. गावात मतदार १६४०. कोरम म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला जो आकडा कमी तो. म्हणजे आम्हाला शंभर माणूस लागतं. तेवढंही जमलं नाही. आठ दिवसांनी तहकूब सभा झाली आणि ती ४७ माणसांवर झाली. ते कायद्याला धरूनच आहे, कारण तहकूब सभेला कोरमची अट नसते. म्हणजे सत्तेचाळीस जणांनी सोळाशे चाळीसांच्या पाण्याचा, रस्त्याचा आणि पैशाचा निर्णय घेतला. आता मला सांगा, उरलेल्या १५९३ लोकांना त्या सभेत काय झालं हे कळायचा मार्ग कोणता?

एक मार्ग इतिवृत्त. ते मी बघितलं. नऊ विषय, दीड पान, आणि सात विषयांपुढं एकच वाक्य: ‘चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर.’ भाऊसाहेबांवर माझा राग नाही. त्यांच्याकडं दोन गावं आहेत, ते सभा चालवणार का लिहिणार? कच्च्या टिपणावरून चार दिवसांनी वहीत उतरवतात. पण राग नाही म्हणून ते वाक्य खरं होत नाही.

दुसरा मार्ग रेकॉर्डिंग. एका पोराने टेबलावर मोबाईल ठेवून सगळी सभा टिपली आणि गावच्या ग्रुपवर टाकली. २ तास ६ मिनिटं. खाली लिहिलं, ‘पारदर्शक कारभार, सर्वांनी ऐकावे.’ माझं भांडण खरं इथून सुरू होतं. दोन तासांची फाईल अंगावर टाकणं याला पारदर्शक म्हणायचं असेल, तर ढिगाऱ्यात टाकलेली सुईसुद्धा उघड्यावरच असते. कोण ऐकणार? पंख्याची घरघर, चौघं एकदम बोलतात, मधीच कुणाचं तरी म्हातारं खोकतंय. आणि ज्यांना सगळ्यात जास्त गरज, त्या बायांकडं फोन असतो पोराचा, तोही संध्याकाळी तासभर.

तिसरा मार्ग म्हणजे वीस सेकंदांचा तुकडा. तो मात्र सगळ्यांनी ऐकला. सरपंच म्हणतात, ‘ओढ्याच्या पाणंदीचं बी करू, काळजी करू नका.’ झालं. गावभर झालं की दोन्ही पाणंदी मंजूर झाल्या.

झाल्या नव्हत्या. मी पूर्ण रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं. या आठवड्यात आमची लाईट रात्रीची आहे. मोटर चालू करून बांधावर बसायचं, कानात हेडफोन घालायचे. तीन रात्री लागल्या. सोबत गावातल्या दुसऱ्या पार्टीचा एक माणूस घेतला होता. का घेतला ते पुढं सांगतो. आधी पाणंदीचं बघा, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथं आहे.

वहीतली ओळ अशी: ‘विषय क्र. ४, पाणंद रस्ते कामाबाबत चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर.’ कोणती पाणंद? किती लांब? कुठल्या पैशातून? काही नाही.

रेकॉर्डिंगवर हा विषय ४१व्या मिनिटाला सुरू होतो आणि १ तास ४ मिनिटांना संपतो. तेवीस मिनिटं. त्यावरून आम्ही लिहिलेला सारांश जसाच्या तसा देतो:

‘पाणंद रस्ता. यंदा पैसा एका किलोमीटरच्या मुरमापुरताच आहे असं भाऊसाहेबांनी सांगितलं (४२ मि.). माळाच्या पाणंदीचं काम करायचं असा ठराव मांडला गेला. सूचक आणि अनुमोदक दोघांचीही नावं घेतली गेली (४९ मि.). ओढ्याच्या पाणंदीवरच्या एका शेतकऱ्याने विरोध केला. गेल्या ऑक्टोबरात मळणीयंत्र शेतात जाऊ शकलं नाही, गंजीतल्या सोयाबीनला मोड आले, म्हणून आधी ओढ्याची पाणंद घ्या असं त्याचं म्हणणं. “माझा विरोध लिहून घ्या” असं तो दोनदा म्हणाला (५२ आणि ५३ मि.). मतदान झालं नाही. सरपंच म्हणाले, “ओढ्याच्या पाणंदीचं बी करू, काळजी करू नका, पुढच्या वर्षी तुमचा पहिला नंबर” (५५ मि.). यावर ठराव झाला नाही. ठरलं ते एवढंच: यंदा माळाची पाणंद, एक किलोमीटर. ओढ्याची पाणंद यंदा नाही.’

शेवटची तीन वाक्यं वाचा पुन्हा. ग्रामसभेत बोलली गेलेली गोष्ट आणि ठरलेली गोष्ट यात गट नंबर आणि सातबारा एवढा फरक आहे. ठरावाला सूचक लागतो, अनुमोदक लागतो, आणि तो वहीत चढावा लागतो. बाकी सगळं म्हणजे सूचना, मागणी, आश्वासन, नाहीतर निव्वळ बोलणं. सारांश लिहिणारा इथंच चुकतो. ‘करू’ ऐकलं की ‘मंजूर’ लिहितो. ओढ्याच्या पाणंदीवर अठरा खातेदार आहेत. त्यातल्या तिघांनी तो वीस सेकंदांचा तुकडा ऐकून मळणीवाल्याला इसार देऊन टाकला, यंदा रस्ता होणार म्हणून. ऑक्टोबरात यंत्र पाणंदीच्या तोंडाशी उभं राहिलं असतं आणि सोयाबीन आत.

आणि ‘सर्वानुमते’? एक माणूस दोनदा म्हणतो विरोध लिहून घ्या, आणि वहीत सर्वानुमते. ही बारीक गोष्ट नाही. पुढच्या वर्षी तो माणूस म्हणेल, मी तेव्हाच बोललो होतो, तर वही त्याला खोटं पाडणार.

याच तेवीस मिनिटांत ५८व्या मिनिटाला सगळ्यात कामाचं वाक्य आहे आणि ते कुणीच ऐकलेलं नाही. मागच्या रांगेतून एक म्हातारा माणूस म्हणतो, ‘आरं, मुरूम टाकायचा नंतर, आधी रस्ता मोकळा करून घ्या. मामलेदार कोर्टात अर्ज करा, सहा महिन्यांच्या आत करावा लागतोय.’ लगेच पुढं दुसरं कुणी बोलायला लागतं. वहीत याचा मागमूस नाही, आणि असायची गरजही नाही, कारण तो ठराव नव्हता. पण आमच्या सारांशात ‘माहिती’ म्हणून ते वेगळं घेतलं, आणि तालुक्याच्या वकिलाला विचारून खाली खुलासा जोडला.

खुलासा असा. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला, नांगरून घेतला, काटे टाकले, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडं जाता येतं. अडथळा काढायचा हुकूम तहसीलदार देतात. ग्रामसभा नाही. ग्रामसभेने शंभर ठराव केले तरी नांगरलेली पाणंद त्याने मोकळी होत नाही, ठराव अर्जाला जोडायला कामी येतो इतकंच. आणि अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. ओढ्याच्या पाणंदीत दोन ठिकाणी यंदा जूनच्या पेरणीला नांगर घातला गेला. जूनपासून सहा महिने मोजा, डिसेंबर येतो. तिथं मुळात रस्ताच नसेल आणि बांधावरून नवीन मागायचा असेल, तर गोष्ट वेगळी. ते जमीन महसूल संहितेचं कलम १४३, तोही अर्ज तहसीलदारांकडंच. आता बघा, अठरा खातेदारांच्या कामाची ही एक तारीख दोन तासांच्या घरघरीत पडून होती, आणि गाव वीस सेकंदांच्या तुकड्यावर खूश होतं.

दुसरा विषय पाणीपट्टीचा. हा लहान आहे पण खिशाला लागतो. वहीत: ‘पाणीपट्टी वाढीस मंजुरी.’ रेकॉर्डिंगवर २६व्या मिनिटाला स्पष्ट ऐकू येतं: १२०० वरून १८००, पण नवीन मोटर बसून एक दिवसाआड पाणी सुरू झाल्यावर, आणि तेही १ एप्रिलपासून. आत्ता आम्हाला तिसऱ्या दिवशी पाणी येतं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात शिपाई मागणीची बिलं घेऊन फिरला, बिलावर १८००. त्याला काय दोष द्यायचा, वहीत तारीखही नाही आणि अटही नाही, त्याने दिसलं ते लावलं. गावात ३१२ नळ. प्रत्येकी ६०० म्हणजे १,८७,२०० रुपये, जे या वर्षी द्यायचे ठरलेच नव्हते. आम्ही सारांशातली ती ओळ आणि २६वं मिनिट दाखवलं. कार्यालयात रेकॉर्डिंग लावलं, सगळ्यांनी ऐकलं, बिलं परत घेतली. भांडण नाही, मोर्चा नाही. चहा पिऊन आलो.

आता विरोधकांकडं येतो. माझ्या पोस्टवर चार जण हमखास लिहिणार आहेत, तर आधीच उत्तर देऊन ठेवतो.

पहिला म्हणणार, ज्याला गरज तो सभेला येईल. भाऊ, तुमचा पगार एक तारखेला होतो. उघडीप मिळाल्यावर फवारणी सोडून सभेला बसलेला शेतकरी मला दाखवा, मी त्याचं पीकही दाखवतो. मजूर बाई रोज बुडवून सभेला यावी असं म्हणणाऱ्याने तिचा रोज आधी द्यावा.

दुसरा म्हणणार, सारांश लिहिणारा आपल्या पार्टीचं लिहील. हा आक्षेप खरा आहे, आणि वजनदार आहे. गावात तटस्थ माणूस नसतो, मीही नाही. म्हणूनच दुसऱ्या पार्टीचा माणूस सोबत बसवला होता. आमची एका शब्दावरून अर्धा तास हुज्जत झाली. तो म्हणत होता, लिही ‘सरपंचांनी आश्वासन दिलं’. मी म्हणत होतो, ‘सरपंच म्हणाले’ लिहू. शेवटी दोघांचाही शब्द सोडला आणि सरपंचांचं वाक्य जसं होतं तसं अवतरणात टाकलं. यात एक नियम सापडला: जिथं भांडण, तिथं आपला शब्द नको, बोलणाऱ्याचा शब्द. आणि प्रत्येक महत्त्वाच्या वाक्यापुढं मिनिट. ज्याला शंका असेल त्याने दोन तास ऐकायची गरज नाही, ५२वं मिनिट लावावं आणि ऐकावं. ज्या सारांशात मिनिटं दिलेली नाहीत, त्याच्यावर तुम्ही विश्वास ठेवू नका. माझ्या असला तरी ठेवू नका.

तिसरा म्हणणार, सगळं ऐकू येत नाही. खरंय. १ तास २२ मिनिटांपासून पुढं घरकुलाच्या यादीवर चौघं एकदम बोलतात. तिथं आम्ही अंदाज लिहिला नाही. लिहिलं, ‘इथं साडेतीन मिनिटं ऐकू येत नाही. ठराव झाला का ते कळत नाही. वहीत मंजूर आहे.’ जे ऐकू आलं नाही ते तसं लिहिण्यात लाज कसली? आणि त्याच विषयात दोन भावांची घरातली उणीदुणी निघाली, ती आम्ही घेतलीच नाहीत. चव्हाट्यावर बोललं गेलं म्हणून ते गिरणीच्या भिंतीवर लावायचं नसतं. शिव्याही गाळल्या. पण शिवीच्या आत मुद्दा होता तो ठेवला. ‘बंधित निधी’वर अकरा मिनिटं जो गोंधळ झाला तो तसा मुद्द्याचाच होता. पाण्याचे पैसे रस्त्याला का लावत नाही, असं एक जण संतापून विचारत होता. त्याला कुणी नीट सांगितलंच नाही की २०२१ ते २०२६ या काळातल्या पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला ६० टक्के भाग बंधित होता, तो पिण्याचं पाणी आणि स्वच्छतेवरच जायचा. उरलेल्या ४० टक्क्यांतूनच रस्त्यासारखी कामं घेता यायची. ही दोन वाक्यं आधी कळली असती तर अकरा मिनिटं आणि अर्धी शिवीगाळ वाचली असती. आपल्या पंचायतीचा आराखडा आणि झालेला खर्च egramswaraj.gov.in वर बघता येतो. घरातल्या पोराला लावायला सांगा.

चौथा म्हणणार, तुमच्या सारांशाला कायद्यात किंमत काय? शून्य. कायद्यात किंमत वहीला, सारांशाला नाही. म्हणूनच सारांश लागतो, कारण वही चुकली हे त्याशिवाय कळत नाही. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे हा विषय पुढच्या सभेत पहिलाच असतो. लोक तेव्हा चप्पल काढत असतात, खुर्ची ओढत असतात, आणि ते ‘कायम’ होऊन जातं. दुरुस्ती सांगायची जागा तीच. इतिवृत्ताची नक्कल तोंडी मागून मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दहा रुपये अर्जाला, पानाला दोन रुपये, उत्तर तीस दिवसांत. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही लागत नाहीत.

भाषेबद्दल एकच सांगतो. आम्ही ‘सदर कामास तांत्रिक मान्यतेच्या अधीन राहून’ असलं काही ठेवलं नाही. ‘इंजिनिअरने कागद पास केला तरच काम सुरू होणार’ असं लिहिलं. सगळं मिळून पावणेदोन पानं झाली. एक प्रत दूध संकलनावर, एक गिरणीवर, एक अंगणवाडीच्या दारात. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी शेजारच्या सुनेने साध्या बोलीत वाचून सहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज केला. पुरुषाच्या आवाजापेक्षा तिच्या आवाजातलं बायांनी जास्त ऐकलं, हे मला दुसऱ्या दिवशी खुरपणीला आलेल्या बायांच्या प्रश्नांवरून कळलं. पहिला प्रश्न पाण्याचा नव्हता. महिला सभेत आदल्या दिवशी आम्ही स्मशानभूमीच्या शेडचं सांगितलं होतं, ते ग्रामसभेत का नाही आलं, हा होता. रेकॉर्डिंग पुन्हा तपासलं. दोन तास सहा मिनिटांत शेडचं नाव एकदाही नाही. सारांशाच्या शेवटी तेही लिहिलं: ‘महिला सभेची मागणी चर्चेला आली नाही.’

तुमच्या गावात कुणी करणार असेल तर फोन कुठं ठेवायचा ते आधी बघा. आमच्या पोराने सरपंचांच्या टेबलावर ठेवला, म्हणून सरपंच स्पष्ट आणि मागची रांग पुसट. दोन फोन ठेवा, एक टेबलावर, एक मागं, पंख्यापासून लांब. बोलणाऱ्याने आधी नाव सांगावं असं सुरुवातीलाच जाहीर करायला लावा. पहिल्यांदा ऐकताना काही लिहू नका, फक्त विषय कुठल्या मिनिटाला बदलतो ते टिपा. दुसऱ्यांदा ऐकताना आकडा, तारीख, ठराव, सूचक, विरोध हे शब्द आले की थांबवा. आणि आठ दिवसांच्या आत करा. महिनाभराने सगळ्यांना आपापल्या सोयीचं आठवायला लागतं.

आमची पुढची ग्रामसभा २ ऑक्टोबरला आहे. दोन दुरुस्त्या लेखी तयार आहेत: पाणीपट्टीत ‘मोटर बसून एक दिवसाआड पाणी सुरू झाल्यावर, १ एप्रिलपासून’ हे शब्द घालायचे, आणि विषय क्र. ४ मधलं ‘सर्वानुमते’ काढून विरोध नोंदवायचा. शेडचा विषय बायांनी स्वतः लिहून दिलाय. ओढ्याच्या पाणंदीवरच्या अठरापैकी अकरा जणांनी तहसीलच्या अर्जावर सह्या केल्यात, सात राहिलेत. त्यांनी रविवारी सकाळी दूध घालायला याल तेव्हा सातबारा आणि आधारची झेरॉक्स घेऊन या, अर्ज संकलनावरच ठेवलाय.